क्लासचा हप्ता

भावकीतल्या पोरीला अकरावीपासून कोल्हापुरात सीईटीचा क्लास लावला. दोन वर्षांची फी दीड लाख. एकरी ४० टन ऊस, टनाला ३,००० धरले तर १,२०,०००. त्यातनं लागण, खत, सोसायटी वजा. शिवाय पहिला हप्ता जूनला, आन् उसाचं बिल गाळप सुरू झाल्यावर, दिवाळीनंतर. नोकरदार पगारातनं भागवतो. तिच्या बापानं दुभती म्हैस विकली.

सीईटीच्या प्रवेशयादीत बारावीचे गुण धरत नाहीत, म्हणून कॉलेज नुसतं हजेरीपुरतं उरलं. क्लासनं ह्या पोरीला शहरातल्या पोरांच्या बरोबरीला आणलं, हे मान्य. पण दहावीला हिच्यापुढं असलेली मजुराची पोरगी आता हिच्या वह्या उतरून घेते. दर रविवारची चाचणी मात्र वहीत येत नाही.