वडिलांचे अनेकवचन

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी आम्ही फ्रेंचच्या सायंवर्गात नाव घातले. वीस-बावीस वर्षे मराठी व्याकरण शिकवून झाल्यावर पुन्हा बाकावर बसून रिकाम्या जागा भरण्याचा प्रसंग आपल्यावर येईल, अशी कल्पना नव्हती. शिकवणाऱ्या बाई आमच्या माजी विद्यार्थिनींच्या वयाच्या. त्यांनी आमच्या एका स्वाध्यायावर लाल शाईने केलेल्या दोन खुणांमुळे हे टिपण लिहावेसे वाटले. खुणा क्रियापदांच्या शेवटच्या अक्षरांवर होत्या. पण त्यांचे मूळ, पुढे कळले ते असे, की आमच्या घरात होते.

त्या दिवशीचा विषय ‘आंपार्फे’ हा भूतकाळ. नावाचा अर्थ ‘अपूर्ण’. पूर्वी नेहमी घडत असलेली किंवा त्या वेळी चालू असलेली क्रिया त्याने सांगतात. मराठीत ‘पीत असे’ आणि ‘पीत होता’ अशा दोन वेगळ्या रचना लागतात. फ्रेंचमध्ये दोन्हींचे काम हे एकच रूप करते. ते बनवण्याचा नियम एका वाक्यात सांगता येतो. वर्तमानकाळातले ‘नू’चे, म्हणजे ‘आम्ही’चे रूप घ्यावे, त्याचा ‘ओं’ हा प्रत्यय काढून टाकावा आणि उरलेल्या अंगाला नवे प्रत्यय लावावेत. ‘नू पार्लों’ म्हणजे ‘आम्ही बोलतो’. ‘ओं’ काढला की ‘पार्ल’ उरते. त्याची सहा रूपे अशी: झ पार्ले, त्यु पार्ले, इल पार्ले, नू पार्लियों, वू पार्लिये, इल पार्ले. मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते.

नियम ऐकताच आमच्यातला मास्तर जागा झाला. सहा पुरुषवचनांतून ‘आम्ही’चेच रूप का? याचे उत्तर पुढे वाचनात सापडले. जुन्या फ्रेंचमध्ये वर्तमानकाळाच्या एकवचनात आघात धातूवर पडे, तर ‘नू’ आणि ‘वू’च्या रूपांत तो प्रत्ययावर सरके. आघात पडला की धातूचा स्वर बदले. आज नियमित वाटणारे ‘बोलणे’ हे क्रियापदही तेव्हा ‘मी’ला ‘पारोल’ आणि ‘आम्ही’ला ‘पार्लों’ असे दोन अंगांचे होते. पुढे ते सारखे झाले. काही क्रियापदे मात्र तशीच दुभंगलेली राहिली. ‘ब्वार’ म्हणजे पिणे. ‘मी पितो’ला ‘झ ब्वा’, ‘ते पितात’ला ‘इल ब्वाव्ह’, पण ‘आम्ही पितो’ला ‘नू ब्युव्हों’. आंपार्फेत आघात सर्व पुरुषांत प्रत्ययावरच असे. म्हणून त्याचे अंग ‘नू’च्या अंगाशी जुळते आणि ‘तो पीत असे’ याला ‘इल ब्युव्हे’ म्हणतात. ‘फिनीर’, म्हणजे संपवणे, याची गोष्ट थोडी वेगळी. ‘झ फिनी’मध्ये धातूमागचा ‘स’ झिजून गेला आहे, ‘नू फिनिसों’मध्ये तो शाबूत आहे, म्हणून आंपार्फे ‘इल फिनिसे’. थोडक्यात, एकवचनात जे झिजले किंवा बदलले, ते ‘आम्ही’ने सांभाळून ठेवले.

वर्तमानाच्या पोटातून भूतकाळ काढणे मराठीच्या शिक्षकाला परके वाटू नये. आपला रीतिभूतकाळ तसाच आला आहे. मोरो केशव दामले यांनी १९११च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त ज्याला ई-आख्यात म्हटले, त्याची ‘तो करी’, ‘तो बसे’, ‘ते करीत’ ही रूपे ज्ञानेश्वरीच्या भाषेत वर्तमानकाळाची आहेत. ‘करी’ म्हणजे तेव्हा ‘करतो’. आज ‘करी’ म्हणजे ‘करत असे’. आपल्याकडे जुना वर्तमान अख्खाच मागे सरकला, फ्रेंचमध्ये वर्तमानाचे फक्त अंग उसने घेतले, एवढा फरक. वर्गात हे शेजाऱ्याला हळूच सांगताना आम्हांला जरा अभिमान वाटत होता. तो फार टिकला नाही.

तोंडी सरावात बाईंनी ‘ब्वार’चे आंपार्फे विचारले आणि आम्ही ‘इल ब्वाव्हे’ असे ठोकून दिले. ‘ते पितात’चे अंग धरले होते. बाई म्हणाल्या, “सर, आधी ‘नू’ म्हणा, मग पुढे चला.” ही चूक कानाला कळणारी होती, म्हणून जागच्या जागी दुरुस्त झाली. त्या दिवसापासून कोणतीही रिकामी जागा आली की आधी मनात ‘नू’चा वर्तमान म्हणायचा, ही सवय आम्ही लावून घेतली. धातू चुकण्यावर हा उपाय पुरेसा आहे. प्रत्यय चुकण्यावर मात्र तो चालत नाही, कारण प्रत्ययाची चूक कानाला कळतच नाही.

वर दिलेली सहा रूपे पुन्हा वाचून पाहावीत. ‘मी’, ‘तू’, ‘तो’ आणि ‘ते’ या चौघांचा उच्चार एकच, ‘पार्ले’. वेगळेपण आहे ते लिहिण्यात. रोमन अक्षरे त्यांच्या इंग्रजी नावांनी सांगायची, तर ‘मी’ आणि ‘तू’ला शेवटी ए-आय-एस, ‘तो’ला ए-आय-टी आणि ‘ते’ला ए-आय-ई-एन-टी. यांतले शेवटचे व्यंजन एरवी उच्चारले जात नाही आणि ‘ते’च्या प्रत्ययातली शेवटची तिन्ही अक्षरे मुकी. उरलेल्या दोघांना, ‘आम्ही’ला आय-ओ-एन-एस आणि ‘तुम्ही’ला आय-ई-झेड, हे दोन मात्र ऐकू येतात. म्हणजे रिकामी जागा भरताना कान उपयोगाचा नाही. कर्ता शोधावा लागतो, त्याचे वचन ठरवावे लागते आणि मग हात चालवावा लागतो.

स्वाध्यायात एका घरातल्या संध्याकाळचे वर्णन होते, सहा रिकाम्या जागांचे. त्यांचे मराठी असे: आम्ही लहान —. वडील सहा वाजता काम —. मग चहा —. आई आमच्यानंतर —. आम्ही दिव्याखाली अभ्यास —. शेजारी गप्पांना —. प्रत्येक जागेपुढे कंसात मूळ क्रियापद.

पहिली जागा ‘असणे’ची. संपूर्ण भाषेत नियमाला न जुमानणारे हे एकच क्रियापद. त्याचे ‘नू’चे रूप ‘नू सॉम’. त्यात ‘ओं’ प्रत्ययच नाही, मग काढणार काय? त्याला ‘एत’ हे स्वतंत्र अंग दिले आहे, प्रत्यय मात्र तेच. म्हणून ‘नू एतियों’. ‘आहे’चा भूतकाळ ‘होता’ का, हे वर्गात दरवर्षी सांगणाऱ्याला ते पाठ करणे जड गेले नाही. चौथी जागा ‘मांझे’, म्हणजे जेवणे, याची. ‘नू मांझों’ लिहिताना जी या अक्षरानंतर एक मुका ई घालतात, नाहीतर पुढच्या ओमुळे जीचा उच्चार ‘ग’ होईल. ‘ती जेवत असे’ यात प्रत्यय ए-ने सुरू होतो, म्हणून ई ठेवावाच लागतो. ‘आम्ही जेवत असू’ यात प्रत्यय आय-ने सुरू होतो आणि आयपुढे जी आपोआप मऊ होतो, म्हणून तो ई गळतो. आईची जागा आम्ही बरोबर भरली. पाचव्या जागेत फसलो. ‘अभ्यास करणे’चे अंगच आय-ने संपते आणि ‘आम्ही’चा प्रत्यय आय-ने सुरू होतो, दोन आय शेजारी शेजारी लिहायला हवेत. छपाईची चूक वाटेल म्हणून आम्ही एकच लिहिला आणि ‘अभ्यास करत असू’चे ‘अभ्यास करतो’ झाले. शेजाऱ्यांची जागा बरोबर.

उरल्या दुसरी आणि तिसरी, दोन्ही वडिलांच्या. धातू दोन्हींत अचूक होते, ‘फिनिस’ आणि ‘ब्युव्ह’. प्रत्यय आम्ही लावले होते ए-आय-ई-एन-टी. बाईंनी कागद पुढे धरून विचारले, “सर, हे अनेकवचन कुठून आले? वडील किती?” वर्ग हसला, आम्हीही हसलो. बाई म्हणाल्या, “आणि आईला बरोबर एकवचन लावलंय.”

खरोखरच लावले होते. ‘आई जेवे’, ‘वडील चहा पीत’. ही आमच्या घरातली वाक्ये आहेत. आई ‘ती’ आणि वडील ‘ते’. फ्रेंच वाक्यात ‘मों पॅर’, माझे वडील, हा कर्ता उघड एकवचनी होता. ‘मों’ हेच एकवचनाचे चिन्ह. ते आम्हांला दिसले नाही, कारण वडिलांपुढे एकवचन लिहायला हात कधी शिकलाच नव्हता. अशी चूक तोंडी सरावात कितीही दिवस लपून राहिली असती. ‘इल ब्युव्हे’ म्हणताना तो एकटा की ते अनेक, कोणाला कळणार? क्रियापद स्वराने सुरू होत असते, तर ‘ते’मधला मुका एस जोडून उच्चारला गेला असता आणि पितळ उघडे पडले असते. ‘पिणे’ व्यंजनाने सुरू होते. कागदानेच पकडले.

घरी परतताना मनात आले, फ्रेंचला आदरार्थी अनेकवचन माहीत नाही असे नाही. समोरच्या एकाच माणसाला ‘वू’ म्हणतात आणि त्याला ‘वू ब्युव्हिये’, असा तुम्हीचाच प्रत्यय लावतात. पण तो मान समोरासमोरचा. माणूस उठून गेला, त्याच्याविषयी बोलणे सुरू झाले, की तो ‘इल’ होतो आणि एकवचनात येतो. मराठीत माणूस उठून गेल्यावरही अनेकवचन त्याच्या मागे राहते. आमच्या वडिलांना जाऊन तीन वर्षे झाली. त्यांना ‘तुम्ही’ म्हणण्याची सोय आता नाही. जे काही आहे ते तृतीय पुरुषात. आईला मात्र ती असतानाही, तिच्यामागेही, आम्ही एकवचनच दिले. ते जवळिकीचे म्हणून देतो असे आम्ही विद्यार्थ्यांना सांगत आलो आहोत. त्या संध्याकाळी ते उत्तर आमचे आम्हांलाच पुरेसे वाटले नाही. ती आमच्यानंतर जेवे, हे वाक्य कुठल्याशा फ्रेंच पाठ्यपुस्तकातून समोर आले होते आणि त्यातली रिकामी जागा आम्ही न अडखळता भरली होती.

बाईंनी सहाही वाक्ये शुद्ध करून पुन्हा लिहायला सांगितली होती. वडिलांच्या दोन्ही जागी ए-आय-टी लिहिले, आईचे होते तसेच ठेवले. मग मोठ्याने वाचून पाहिले. काम संपवणाऱ्या, चहा पिणाऱ्या वडिलांचा आणि शेवटी जेवणाऱ्या आईचा प्रत्यय आता कागदावरही एकच होता. कानाला तो आधीपासूनच एक होता.