मागील बाकी

रेवदंड्याच्या एका किराणा व्यापाऱ्यांच्या फुप्फुसात नुकत्याच काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये सात मिलिमीटरची भरीव गाठ आढळली. तज्ज्ञांनी पहिला प्रश्न विचारला, ''पूर्वी कधी छातीचा स्कॅन काढला होता का?'' काढला होता, पाच वर्षांपूर्वी, मुंबईच्या एका रुग्णालयात. भरीव गाठ दोन वर्षे वा अधिक काळ वाढली नसेल, तर ती कर्करोगाची असण्याची शक्यता फार कमी असते. मागील बाकी हाती असल्यावाचून खात्याची दिशा कळत नाही, तसेच हे होते.

जुन्या अहवालात केवळ 'लहान गाठ' एवढेच शब्द होते, मोजमाप नव्हते. घरातील फिल्म समुद्रकाठच्या दमट हवेत एकमेकींना चिकटल्या होत्या. त्या चांगल्या असत्या तरी फिल्मवर निवडक चित्रेच छापलेली असतात. मूळ तपासणीत शेकडो काप असतात आणि गाठ अचूक मोजता येते ती त्यांच्यावरच. म्हणून त्यांनी रुग्णालयाच्या अभिलेख विभागास पत्र लिहिले :

''माझ्या छातीच्या सीटी स्कॅनची सर्व चित्रे मूळ डायकॉम स्वरूपात, अहवालासह, सीडी अथवा पेनड्राइव्हवर मिळावीत. त्या वेळचे नोंदणीकृत नाव, रुग्ण क्रमांक व तपासणीची तारीख खाली दिली आहे. डिजिटल प्रत शिल्लक नसल्यास तसे लेखी कळवावे आणि आपल्याकडे फिल्म असल्यास त्या प्रत काढण्यापुरत्या द्याव्यात.''

सोबत ओळखपत्राची प्रत जोडली आणि पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार रुग्णाने मागितलेली कागदपत्रे 72 तासांत द्यावयाची असतात, आणि ती मुदत या पोचेवरून मोजता येते. मात्र त्याच नियमांत दाखल रुग्णांचे अभिलेख जपण्याचे बंधन तीनच वर्षांचे आहे. पाच वर्षांपूर्वीची चित्रे मिळणे त्यामुळे निश्चित नव्हते.

सीडी मिळाली. मुलाने ती दुकानातील संगणकावर उघडली, तेव्हा आत केवळ बारा छायाचित्रे निघाली. DICOMDIR नावाची फाइल नव्हती आणि शेकडो कापांचा पत्ता नव्हता. म्हणजे ही मूळ तपासणी नव्हे. पोच दाखवून त्यांनी पुन्हा मागणी केली, तेव्हा संपूर्ण संच मिळाला.

तज्ज्ञांनी दोन्ही स्कॅन शेजारी ठेवून गाठ मोजली. तेव्हाची सहा मिलिमीटर, आताची सात. दोन मिलिमीटरपेक्षा कमी फरक सहसा वाढ म्हणून धरत नाहीत. तो मोजणीतलाही असू शकतो. सुईने तुकडा काढण्याचा विचार मागे पडला. त्या संचाच्या दोन प्रती आता दोन निरनिराळ्या घरी आहेत.