सुभेदार, वतन, जामीन

जुन्या मराठी बायबलात पिलात हा ‘सुभेदार’ आहे. अलीकडच्या सोप्या भाषांतरात तो ‘राज्यपाल’ झाला. पहिला शब्द अरबी-फारसी घडणीचा आणि दुसरा संस्कृत, एवढाच हा फरक नाही. रोमच्या बाजूने यहूदिया प्रांत सांभाळणाऱ्या या अधिकाऱ्याच्या हाताखाली फौज होती, वसुलीवर त्याची देखरेख होती आणि देहान्ताची शिक्षा देण्याचा अधिकारही त्याला होता. पेशवाईतला सुभेदार साधारण असाच माणूस होता: मुलूख त्याच्या ताब्यात, वसूल तोच करणार, तंटे तोच तोडणार, आणि वर हुजुरांचा धाक. राज्यघटनेतला राज्यपाल बहुतेक बाबतींत मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतो. ‘राज्यपालाने क्रुसाची शिक्षा फर्मावली’ हे वाक्य आजच्या वाचकाने मनावर घेतले, तर त्याला वाटेल की सही फक्त याची, निर्णय दुसऱ्याच कुणाचा. पिलाताने गर्दीसमोर हात धुतले ते नेमके निर्णय त्याचाच होता म्हणून.

अर्थात सुभेदारही आता जागेवर राहिलेला नाही. इंग्रजी फौजेत तो हुद्दा खाली आला, आणि आज ‘सुभेदार’ म्हटले की पलटणीतला देशी अधिकारी आठवतो. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार होते ते या अर्थाने. तरीही निवड माझ्यावर सोपवली तर मी सुभेदारच ठेवीन आणि खाली दोन ओळींची टीप देईन.

*

विल्यम केरीने बंगालमधल्या सेरामपूरला बसून, वैजनाथ शर्मा या पंडिताच्या मदतीने मराठी शिकून, 1805 मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान छापले आणि 1811 मध्ये नवा करार. मुंबईला आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी आपला वेगळा नवा करार 1826 मध्ये काढला. तेव्हा पेशवाई बुडून जेमतेम आठ वर्षे झाली होती. ज्यांच्या बोलण्यावरून ही माणसे मराठी शिकली, त्यांच्या तोंडी चावडीचे, कचेरीचे आणि सावकाराच्या ओट्यावरचे शब्द होते.

*

या परंपरेतली शब्दयोजना पाहताना एक विभागणी ठळक दिसते. देव, आत्मा, पाप, प्रार्थना, तारण, शुभवर्तमान, प्रेषित हे सगळे संस्कृताकडचे शब्द. करार, जामीन, वतन, जकातदार, सुभेदार हे अरबी-फारसीकडचे. म्हणजे देवघरात एक शब्दकुळी आणि कचेरीत दुसरी. सैतान आणि मशीहा हे ठळक अपवाद. उर्दू बायबलात देवही ‘खुदा’ होतो. मराठीत तसे घडले नाही. फारसी शब्द म्हणजे मुसलमानी धर्माचे शब्द, असे त्या काळच्या मराठी कानाला वाटतच नव्हते. ते सरकारचे शब्द होते.

मोल्सवर्थच्या कोशात (1831, दुसरी आवृत्ती 1857) बऱ्याच शब्दांपुढे मुळाची खूण म्हणून एकेक अक्षर असते: अरबीला एक, फारसीला एक, संस्कृताला एक. जुन्या बायबलाचे एखादे पान घेऊन हा कोश शेजारी ठेवावा. प्रार्थनेच्या भागात संस्कृताची खूण पुन्हा पुन्हा भेटते. खटला, कर्ज, जमीन आणि कर आले की अरबी-फारसीच्या खुणा वाढू लागतात.

*

‘वतन’. अरबीत जन्मभूमी, मायदेश, उर्दूतही तेच. मराठीत मात्र या शब्दाने वेगळेच घर केले: पिढीजात हक्क, त्याबरोबर येणारी जमीन आणि त्या बदल्यात करायची चाकरी. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी ही सगळी वतने. जुन्या करारात इस्राएलाच्या वंशांना चिठ्ठ्या टाकून जमीन वाटली जाते आणि लेवींना जमिनीऐवजी दशमांशाचा हक्क मिळतो. ही व्यवस्था सांगायला मराठीत याहून नेमका शब्द नव्हता. जमीन नाही, पण हक्क आहे आणि त्यासाठी सेवाही आहे, हे वतनदारांच्या मुलखात वेगळे समजावून सांगावे लागत नव्हते.

नाबोथाची गोष्ट घ्या. अहाब राजाला नाबोथाचा द्राक्षमळा हवा असतो. राजवाड्याला लागून आहे, तिथे भाजीपाला लावायचा आहे. बदल्यात याहून चांगला मळा देतो, नाहीतर रोख किंमत देतो, असे राजा म्हणतो. व्यवहार वाजवी आहे. नाबोथ तरी नाही म्हणतो आणि पुढे जिवाला मुकतो. आजच्या भाषेत ‘वारशाने मिळालेली जमीन’ म्हटले, तर नाबोथ हटवादी वाटतो. वारशाची जमीन लोक रोज विकतात. ‘वाडवडिलांचे वतन’ म्हटले की त्याचा नकार तात्काळ कळतो. वतन एकट्याचे नसते. भाऊबंद, गोत आणि गाव यांना डावलून ते हातावेगळे करता येत नाही. आणि गंमत अशी की ‘वारस’ हा शब्दही अरबीच आहे, त्यामुळे या बदलात शुद्धीकरणही साधत नाही.

या शब्दाची दुसरी बाजू मला जास्त अस्वस्थ करते. नगर-जालना भागात ख्रिस्ती झालेल्यांपैकी पुष्कळ लोक महार समाजातले होते. महारवतन म्हणजे काय हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या भोगले होते: तुकडाभर जमीन आणि तिच्यापायी गावाची व सरकारची कधीही न संपणारी राबणूक. डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले ते याच जाचाविरुद्ध. कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने रद्द झाली 1958 मध्ये. सौम्य लोकांना पृथ्वीचे वतन मिळेल, हे डोंगरावरच्या प्रवचनातले आश्वासन चर्चच्या बाकांवर बसलेल्यांच्या कानी कसे पडले असेल? पाटलाच्या घरातून आलेल्याला एक ऐकू येणार, वेसकराच्या घरातून आलेल्याला दुसरेच.

*

जकातदार मत्तय जकातीच्या नाक्यावर बसलेला असतो. मुसलमान वाचकाला जकात म्हणजे धर्माने लावून दिलेले दान. मराठीत ती मालावरची पट्टी झाली. नाक्यावर अडलेले ट्रक पाहिलेल्यांना हे चित्र आपोआप दिसत होते. मुंबईची जकात 1 जुलै 2017 रोजी जीएसटीबरोबर गेली. पुढच्या पिढीसाठी या शब्दालाही टीप लागेल.

*

‘करार’ हा शब्द तर पुस्तकाच्या नावातच आहे. हिंदी बायबलाने ‘नियम’ घेतला, उर्दूने ‘अहद’; मराठीने आणि गुजरातीने करार. तो बाजारातला शब्द, पण त्याला पक्केपणा आहे. ‘करारी माणूस’ आपण म्हणतोच. उणीव एकच: करारात दोन्ही पक्ष बरोबरीचे वाटतात, आणि इब्री करार देवाने आपल्याहून लहानांशी केलेला आहे. सरकार पडीक जमिनीसाठी रयतेला जो ‘कौल’ देई, त्यात हा वरून खाली येणारा शब्द होता. पण कोकणात कौल देवळात लावतात. मिशनऱ्यांनी तो शब्द टाळला असेल तर मला नवल वाटत नाही.

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात ‘करार’ या शब्दाची खरी कसोटी लागते. सातव्या अध्यायात येशू हा अधिक चांगल्या कराराचा ‘जामीन’ आहे, आणि तिथे दोन्ही अरबी शब्द चपखल बसतात: ऋणको चुकला तर भरणार कोण, हे ‘जामीन’ एका शब्दात सांगतो. ‘हमी’ म्हटले की माणूस जातो आणि कागद उरतो. नवव्या अध्यायात मात्र अडते. मूळ ग्रीक शब्दाचे करार आणि इच्छापत्र असे दोन्ही अर्थ होतात, आणि लेखक एकाच शब्दावरून एका अर्थातून दुसऱ्यात सरकतो: करणारा मेल्याशिवाय तो अमलात येत नाही, असा त्याचा मुद्दा आहे. करार अमलात यायला कोणी मरावे लागत नाही. म्हणून मराठी भाषांतरात सोळाव्या-सतराव्या ओवीपुरते ‘मृत्युपत्र’ येते आणि अठराव्या ओवीला पुन्हा करार. ग्रीक वाचणाऱ्याला जो युक्तिवाद सलग दिसतो, तो मराठीत तिथे तुटतो, आणि तो सांधणारा एक शब्द ना फारसीकडे आहे, ना संस्कृताकडे.