४९९ रुपयांची शिष्यवृत्ती

आमच्या होस्टेलमधली गोष्ट आहे. थोडी लांब आहे, पण इंजिनिअरिंगला पहिल्या वर्षाला कुणी घरात असेल तर वाचून घ्या.

ॲडमिशन झालं तेव्हा कॉलेजने अर्धीच शिक्षण फी घेतली. उरलेली अर्धी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून येणार. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आणि ॲडमिशन कॅप राउंडमधून, या दोन अटी माझ्या पूर्ण होत्या. मग बोर्डावर नोटीस लागली, की महाडीबीटीवर फॉर्म भरा, नाहीतर उरलेली फी भरा. माझी उरलेली फी ४६ हजार होती. बापाने सोयाबीन विकून पहिला हप्ता भरलेला, दुसरा विकायला काही शिल्लक नव्हतं.

नोटिशीत फक्त ‘महाडीबीटी’ एवढंच. पत्ता नाही. त्याच संध्याकाळी वर्गाच्या ग्रुपवर एक लिंक आली, ‘शेवटचे तीन दिवस, त्वरित अर्ज करा’. माझ्या रूममेटने लगेच मोबाईलवर भरून टाकला. आधारचा फोटो टाकला, ४९९ रुपये ‘प्रक्रिया शुल्क’ भरलं आणि म्हणाला, “झालं बघ. दहा मिनिटांत.”

मला ते दहा मिनिटांत झालेलं पटेना. आमच्या तहसीलला उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मी चार चकरा मारल्या होत्या आणि इथे दाखला कुणी मागितलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर तीन साइट शेजारीशेजारी उघडल्या. एक ग्रुपवरची, दोन सर्च केल्यावर वर आलेल्या.

ग्रुपवरची साइट दिसायला सगळ्यात भारी. राजमुद्रा, मंत्र्यांचे फोटो, वर कुलुपाची खूण. कुलूप बघून आपण फसतो. त्या कुलपाचा अर्थ एवढाच की तुम्ही टाइप केलेलं मधल्या वाटेत कुणी वाचत नाही. पलीकडे कोण बसलंय हे ते कुलूप सांगत नाही, आणि ते फुकटातही मिळतं. पत्त्यात mahadbt होतं, scholarship होतं, पण शेवट होता .online. पत्ता डावीकडून वाचला तर सरकारी वाटतो. पहिल्या एकेरी तिरक्या रेघेपर्यंत जाऊन तिथून उलटा वाचला की खरा मालक कळतो. सरकारी असेल तर तिथे .gov.in असतं, आणि ते कुणालाही विकत मिळत नाही.

तरी रूममेट ऐकेना. “सरकारने नवीन साइट काढली असेल,” म्हणाला. मग त्याच्यासमोर फॉर्म भरला. आधार नंबरच्या जागी बारा वेळा १ टाकला. आधार नंबर १ ने सुरूच होत नाही, पण साइटने घेतला. ‘ओटीपी पाठवला आहे’ असं आलं. कुठलाच मोबाईल वाजला नाही. मी ०००००० टाकलं. स्क्रीनवर फुलं उधळली, ‘अभिनंदन, तुम्ही पात्र आहात’, आणि खाली ४९९ चं बटण. रूममेट काहीच बोलला नाही. नंतर ते नाव कधी घेतलंय तेही शोधून पाहिलं. नाव घेऊन एकोणीस दिवस झाले होते.

दुसरी साइट फसवी होती असं मी म्हणणार नाही. योजनेची माहिती बऱ्यापैकी बरोबर होती, फक्त शेवटची तारीख मागच्या वर्षीची. ‘अर्ज करा’ दाबलं की नाव, मोबाईल, बारावीचे टक्के मागत होती. मी मोबाईल नंबर देऊन बसलो. (हो, एवढं शहाणपण शिकवणारा मीच.) पुढे चार दिवस शैक्षणिक कर्जवाल्यांचे आणि परदेशात ॲडमिशन करून देणाऱ्यांचे फोन. पान अगदी खाली सरकवल्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं दिसलं, की या संकेतस्थळाचा शासनाशी संबंध नाही. म्हणजे तिथे भरलेला फॉर्म कुठेच जात नव्हता. फक्त माझा नंबर विकला जात होता.

तिसरी mahadbt.maharashtra.gov.in. ही सगळ्यात कंटाळवाणी. उघडायलाच वेळ लागला. दोनदा कॅप्चा चुकला, एकदा अर्ध्यात बाहेर फेकलं. आधारचा ओटीपी गेला बापाच्या मोबाईलवर, कारण माझ्या आधारला त्यांचाच नंबर. फोन केला तर ते रानात.

“आबा, ओटीपी आलाय, तेवढा सांगा.”

“तूच म्हणला होता ना, कुणालाच सांगायचा नाही?”

“आबा, मी आहे!”

“आवाज तुझाच हाय, पण आजकाल आवाजाचं काय खरं...” शेवटी आमच्या गाईचं नाव विचारलं आणि मगच आकडे वाचून दाखवले.

या साइटने पैसे मागितले नाहीत. बँकेचा खाते नंबरसुद्धा टाकावा लागला नाही. आधारला जे खातं जोडलेलं असेल त्यातच पैसे येतात, त्यामुळे विचारायची गरजच नसते. इथे मात्र एक मेख आहे. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खातं अनुदानासाठी जोडलं गेलं असं नाही. त्यासाठी बँकेत वेगळा फॉर्म द्यावा लागतो, आणि दोन बँकांत जोडणी केली असेल तर शेवटची धरली जाते. आधारच्या साइटवर ‘बँक सीडिंग स्टेटस’ मध्ये बघितलं तर माझं निघालं शाळेत असताना गावच्या बँकेत काढलेलं खातं, तीन वर्षं व्यवहार नसलेलं. ते आधी जाऊन चालू करून घेतलं.

कागद सगळे चढवले. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, कॅपचं अलॉटमेंट लेटर, रेशनकार्ड, हमीपत्र. अर्ज क्रमांक मिळाला. तिसऱ्या दिवशी ऑफिसमधल्या काकांनी बोलावलं. त्यांच्या लॉगिनला माझा फॉर्म दिसत होता, हमीपत्राचं पान उलटं स्कॅन झालं होतं म्हणून परत पाठवत होते. खरं सांगतो, फॉर्म परत आला याचा आनंद मला आयुष्यात पहिल्यांदा झाला. म्हणजे तो कुठेतरी पोचला होता! हा अर्ज आधी कॉलेज तपासतं आणि मग पुढे तंत्रशिक्षण विभागाकडे जातो.

मी काकांना म्हटलं, रूममेटचं नाव बघता का. त्यांनी तीन वेळा शोधलं. नव्हतं.

त्या संध्याकाळी त्याने १९३० ला फोन करून तक्रार नोंदवली. ४९९ रुपये अजून आलेले नाहीत. पैशांपेक्षा त्याला आधारच्या फोटोची धास्ती होती, म्हणून आधारच्या साइटवर बोटांचे ठसे लॉक करून ठेवले. फोटो मात्र परत घेता येत नाही. मग रात्री दोन वाजता, साइट जरा मोकळी असताना, त्याचा खरा फॉर्म भरला. मुदतीच्या आदल्या दिवशी.

वर्गात विचारल्यावर आणखी सहा जण निघाले. त्यातल्या दोन पोरींनी घरी सांगितलंच नव्हतं. सातही जणांनी नोटीस वाचली होती, आणि नोटिशीत पत्ता असता तर त्यांनी तोच उघडला असता. एका ओळीचं काम होतं. मी ऑफिसात जाऊन तसं बोललो. काका रागावतील वाटलं होतं, पण ते उठले, बोर्डाची काच सरकवली आणि नोटिशीखाली निळ्या पेनाने पत्ता लिहिला. खाली ‘फी नाही’ असंही लिहिलं आणि दोनदा अधोरेखित केलं.