मृगसालाचे ५९९ आणि ६००

बेळगाव-निपाणीकडचे जुने मोडी कागद हाती आले, की आम्ही आधी महिना पाहतो, मग साल. शुहूर सन, म्हणजेच मृगसाल, सूर्य मृगात शिरतो तेव्हा, जूनच्या आरंभी बदलते. पेरणीचा हिशेब ठेवणाऱ्यांना तेच सोयीचे. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यात ५९९ मिळवावे, जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत ६००.

पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ चा. त्याचा सन ‘इहिदे सितैन मया व अलफ’: एक, साठ, शंभर, हजार, म्हणजे ११६१. येथे सरधोपट ५९९ मिळवणारा वकील वर्षभर मागे जातो. पडताळा शकाने घ्यावा: पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. शक पाडव्याला बदलतो, म्हणून जानेवारीत ७८ नव्हे, ७९. बेरीज १७६१.