बायका किती, पुरुष किती?

परवा भाचीने फोन पुढे केला. हिंजवडीतल्या तिच्या कंपनीची ऑफसाइट ठरते आहे आणि जागा शोधायचं काम तिच्याकडे आलं आहे. तिने लोणावळा-कर्जत भागातल्या सहा रिसॉर्टना एकच मेसेज धाडला होता: ‘42 जण, एक रात्र, दर कळवा.’ तासाभरात सहाही ठिकाणांहून दर आले. सोबत पोहण्याच्या तलावाचे फोटो आणि हॉलचा व्हिडिओसुद्धा. “मामा, यातलं स्वस्त कुठलं ते सांगा,” ती म्हणाली. मला काही सांगता येईना.

मी भोसरीच्या एका कारखान्याच्या प्रशासन विभागात होतो. ऑफसाइट हा शब्द तेव्हा आमच्याकडे नव्हता, वर्षातून एकदा सेल्स कॉन्फरन्स व्हायची. 1992 साली पहिल्यांदा ती जबाबदारी माझ्याकडे आली आणि साहेबांनी पाचगणी सुचवली. पावसाळ्यात त्या भागातली बरीच हॉटेलं तेव्हा बंदच असत, म्हणून दिवाळीनंतरच्या तारखा धरल्या. एसटीडी बूथवरून फोन लावला तर मिनिटाचे आकडे डोळ्यांसमोर पळायचे, त्यामुळे फोनवर एवढंच विचारायचं की त्या तारखा मोकळ्या आहेत का. बाकी सगळं पत्रात.

ते पत्र लिहायला मला दोन दिवस लागले. उत्तर यायला आठवडा जाणार, त्यात काही राहून गेलं तर आणखी एक आठवडा. म्हणून आधी स्वतःच्याच ऑफिसात विचारत फिरलो. बस किती वाजता पोचणार? पहिलं जेवण कुठलं, शेवटचं कुठलं? बैठकीत लोकांना लिहायचं आहे की नुसतं ऐकायचं आहे? कांदा-लसूण न खाणारे किती? स्टेनोने पत्र टाइप केलं, कार्बन कॉपी फायलीत गेली, आणि नवव्या दिवशी निळ्या शाईत लिहिलेलं उत्तर आलं.

हॉटेलच्या मॅनेजरांनी दर शेवटच्या ओळीत लिहिला होता. त्याआधी प्रश्न होते. पहिलाच प्रश्न: बायका किती, पुरुष किती? मी 36 माणसांसाठी दोघांना एक अशा 18 खोल्या मागितल्या होत्या. पण आमच्यात 5 बायका आणि 31 पुरुष. म्हणजे बायकांना 3 आणि पुरुषांना 16, अशा 19 खोल्या लागत होत्या. मी नुसता भागाकार केला होता, त्यांनी माणसं मोजली होती. पुढचा प्रश्न ड्रायव्हर-क्लीनरच्या झोपण्याजेवणाचा. मग, सकाळी सगळे एकाच वेळी आंघोळीला जाणार का, कारण बंब किती वाजता पेटवायचा ते त्यावर ठरणार होतं. आणि शेवटी, जिना न चढता येणारं कुणी आहे का?

दर ‘अमेरिकन प्लॅन’चा होता. तिकडच्या हॉटेलांत ही पद्धत जुनी होती. माणशी एक आकडा, त्यात खोली, दोन्ही जेवणं, नाश्ता, चहा सगळं आलं. त्या एका आकड्यावर साहेबांची सही घेता येत असे.

आता भाचीच्या फोनमधले दर घ्या. एका ठिकाणी माणशी 5,800, दुसऱ्या ठिकाणी 7,900. तिने 5,800 वर खूण केली होती. मी तिला दोन्हीकडे फोन करून विचारायला लावलं. 5,800 चा दर ‘मॅप’वर होता, म्हणजे नाश्ता आणि एकच मोठं जेवण, रात्रीचं. यांची बस पहिल्या दिवशी सकाळी 10 ला पोचणार आणि दुसऱ्या दिवशी 4 ला निघणार. दोन दुपारची जेवणं वेगळी, 800 प्रमाणे 67,200. हॉलचं भाडं दिवसाला 25,000, दोन दिवसांचे 50,000. बैठकीतला चार वेळचा चहा-बिस्किटं 16,800. मूळ 2,43,600 मध्ये हे मिळवलं तर 3,77,600, म्हणजे माणशी जवळजवळ 9,000. दुसऱ्या ठिकाणच्या 7,900 मध्ये हे सगळं धरलेलं होतं आणि बेरीज 3,31,800 होती. कर दोन्हींत वेगळा.

आजची सोय मला मनापासून हवीशी वाटते. 1994 साली एका ठिकाणी ‘शंभर माणसांचा हॉल’ या शब्दांवर विसंबून मी पैसे भरले. तिथे गेलो तर हॉलच्या मधोमध खांब, आणि मागच्या दोन रांगांना ओव्हरहेड प्रोजेक्टरचा पडदा दिसेना. तो व्हिडिओ तेव्हा असता तर! पण शंभर माणसं म्हणजे नुसत्या खुर्च्या ओळीने लावून शंभर, हे व्हिडिओतही कळत नाही. पुढ्यात टेबलं मांडली की त्याच हॉलमध्ये साधारण निम्मी माणसं मावतात, आणि यू आकारात बसवली तर तिसरा हिस्सा. भाचीच्या लोकांना गटागटाने गोल टेबलांशी बसायचं आहे, हे तिच्या मेसेजमध्ये कुठेच नव्हतं.

आणि 42 हा आकडाही पक्का नव्हता. आमच्या वेळी 36 कळवले आणि 31 गेले, तर मॅनेजर हिशेबात समजून घेत. आता कोटेशनमध्ये ‘मिनिमम गॅरंटी’ असते. जेवढी गॅरंटी दिली तेवढ्यांचे पैसे द्यायचेच, माणसं कमी आली तरी. आदल्या दिवशी कुणाचं मूल तापतं, कुणाला क्लायंट अडवतो. म्हणून मी तिला म्हटलं, गॅरंटी 38 ची दे, खोल्या 42 च्या धरून ठेवायला सांग, आणि जास्तीच्या खोल्या कुठल्या तारखेपर्यंत पैसे न कापता सोडता येतील ते लिहून घे. ती तारीख तोंडी ठेवायची नाही. गोव्याचाही विचार चालला होता त्यांचा. तिथल्या खोलीवरचा कर गोव्यातच लागतो, आणि कंपनीची तिथे नोंदणी नसेल तर त्याची वजावट इथे मिळत नाही. हे ऐकून अकाउंट्सवाल्यांनीच तो बेत सोडला.

मग आम्ही दोघं जेवणाच्या टेबलाशी बसलो आणि तिने लॅपटॉपवर नवी मेल लिहिली. तारखा, आणि त्या अडल्या तर पर्यायी तारखा, कारण लग्नसराईतल्या शनिवार-रविवारी हॉल आधीच गेलेले असतात. 29 पुरुष, 13 बायका, म्हणून 15 आणि 7 अशा 22 खोल्या. बस सकाळी येते आणि खोल्या दुपारी 2 ला मिळतात, तर सामान कुठे ठेवायचं. गोल टेबलं, एक पडदा, वीज गेली तर जनरेटरवर हॉल चालतो का. जैन जेवण 6. बसचा ड्रायव्हर आणि क्लीनर. माणशी दरात नेमकं काय काय धरलं आहे, ते ओळीओळीने. अर्धं पान झालं. मला माझ्या पत्राच्या कार्बन कॉपीचा जांभळट रंग आठवत राहिला.

या वेळी सहापैकी दोघांचीच उत्तरं आली. तिसऱ्या ठिकाणाहून एका बाईंचा सरळ फोन आला. भाचीने स्पीकर लावला.

“मॅडम, मेल वाचली. सगळं लिहिलंय तुम्ही, एकच विचारायचं होतं. आमच्याकडे खोल्या दोन मजल्यांवर आहेत आणि लिफ्ट नाही. तुमच्यात कुणाला जिना चढायला त्रास होतो का?”

जिन्याचं मी तिला सांगायलाच विसरलो होतो. भाची क्षणभर थांबली, मग म्हणाली, “हो, आमच्या एका सरांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय.”

“मग त्यांना खालची चार नंबरची खोली ठेवते. हॉलच्या अगदी समोर आहे.”