उजवीकडचा कॉलम

फोटो धूसर आला असं आपण म्हणतो तेव्हा त्या एका शब्दात निदान चार गोष्टी कोंबलेल्या असतात. हात हलला, समोरचा माणूस हलला, फोकस दुसरीकडे गेला, किंवा लेन्सच तशी आहे. चौघांवर उपाय वेगळे आणि चौघांच्या खुणाही वेगळ्या. मला त्या शिकाव्या लागल्या, कारण माझ्याकडे दहा दिवस होते आणि 5,499 रुपये अडकले होते.

2016 चा ऑक्टोबर. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, रोज बोदवडहून रेल्वेने कॉलेजला जाऊन-येऊन. जुना, वापरलेला डीएसएलआर मामेभावाकडून मिळाला होता, त्यासोबत नेहमीची 18-55 ची किट लेन्स. दिवाळीच्या सेलमध्ये 50 मिमी f/1.8 लेन्स दिसली. एरवी 7,990 ची, इथे 5,499 ला, कारण ‘ओपन बॉक्स’: कुणीतरी उघडून परत केलेली. दोष सिद्ध केलात तरच परत घेऊ, मुदत दहा दिवस. बारावीच्या दोन मुलांना गणित शिकवून साठवलेले पैसे त्यात गेले.

ही लेन्स हवी होती ती आजीसाठी. तिचा धड फोटो घरात नव्हता. आधार कार्डावर होता तेवढाच. फ्लॅश मारला की ती डोळे मिटायची आणि मग उठूनच जायची. ती निवांत बसायची संध्याकाळी, ओट्यावर, दिवेलागणीच्या सुमाराला. तेव्हाच्या उजेडात किट लेन्स 50 मिमीला f/5.6 च्या पलीकडे उघडत नाही. f/1.8 म्हणजे त्याच्या जवळजवळ दहापट उजेड. (5.6 भागिले 1.8, आणि त्याचा वर्ग. हे गणित मी शिकवणीतल्या मुलांनाही घातलं होतं.)

पहिला फोटो काढला आणि स्क्रीनवर दाखवला. आजी म्हणाली, “माहे डोये कुठी गेले रे?” खरंच, डोळे लोण्यासारखे, आणि कानाशी आलेला लुगड्याचा काठ मात्र धाग्यागणिक मोजता येईल असा.

फोटो वाचायचा म्हणजे आधी त्याच्या पोटात लिहिलेलं वाचायचं. प्रत्येक फाइलमध्ये कॅमेरा स्वतःची नोंद ठेवतो. लॅपटॉपवर ती अशी काढता येते:

```
exiftool -FNumber -ExposureTime -ISO -FocalLength IMG_0412.JPG

F Number                        : 1.8
Exposure Time                   : 1/40
ISO                             : 800
Focal Length                    : 50.0 mm
```

1/40 सेकंद पाहून पहिला संशय हातावर. या आकाराच्या सेन्सरवर 50 मिमी लेन्स हातात धरली तर 1/80 तरी असावं असा ठोकताळा आहे. पण हात हलला असता तर अख्खं चित्र एकाच दिशेला ओढलं गेलं असतं, दूरचा दिवा ठिपका न राहता छोटी रेघ झाला असता. इथे काठ कडक होता. चित्रात एक जरी जागा अशी स्पष्ट असेल तर हात निर्दोष सुटतो. आजी हलली म्हणावं, तर चेहरा हलून कानाजवळचा काठ स्थिर कसा राहील? म्हणजे उरला फोकस.

एक मीटरवरून f/1.8 ला किती खोली स्पष्ट येते, याचा अंदाज असा निघतो: 2 × 1.8 × 0.019 × 1000² ÷ 50², सगळं मिलिमीटरमध्ये. 0.019 म्हणजे सेन्सरवरचा डाग किती लहान असला की डोळ्याला ठिपकाच वाटतो, ते माप. उत्तर सुमारे 27 मिमी. पावणेतीन सेंटिमीटर! डोळ्यापासून कानापर्यंतचं अंतर त्याहून कितीतरी जास्त. कॅमेऱ्याच्या नऊ फोकस बिंदूंपैकी कुठला वापरायचा ते कॅमेराच ठरवत होता, आणि त्याला गडद-फिकट कडा जिथे ठळक दिसते तिथे जायला आवडतं. लुगड्याचा काठ त्याला सुरकुतलेल्या पापणीपेक्षा ठळक वाटला. मधला एकच बिंदू ठेवला, तो डोळ्यावर धरला, आयएसओ 1600 करून वेळ 1/80 वर आणला. दुसऱ्या दिवशी डोळे आले.

इथे प्रकरण संपायला हवं होतं. पण चांगल्या आलेल्या फोटोंमध्येही काहीतरी खटकत होतं. गल्लीचा फोटो घेतला तर डावीकडच्या घराच्या विटा दिसत, उजवीकडच्या विरघळत. गल्ली काही एका अंतरावर नसते, त्यामुळे तिच्यावरून काही सिद्ध होत नाही. सिद्ध करायला सपाट भिंत लागते.

भिंतीवर पेपरची सहा पानं चिकटवली, तीन वर, तीन खाली, छोट्या जाहिरातींची, कारण अक्षर बारीक आणि फोन नंबर भरपूर. कॅमेरा अडीच मीटरवर. तिथून चौकटीत साधारण एक मीटर अकरा सेंटिमीटर रुंदी मावते, म्हणजे तीन पानं बरोबर. कॅमेरा धान्याच्या कोठीवर, दोन सेकंदांचा टायमर लावून, म्हणजे बोटाचा धक्का नको. खरी अडचण कॅमेरा भिंतीला समांतर ठेवण्याची. तो जरासा तिरका असला तरी एक बाजू धूसर येईल आणि दोष लेन्सच्या नावावर चढेल. त्यावर युक्ती आहे: मधोमध भिंतीला चपटा आरसा टेकवायचा आणि व्ह्यूफाइंडरमधून बघायचं. लेन्सला स्वतःचं प्रतिबिंब बरोबर मध्यावर दिसलं की कॅमेरा समांतर. बाबांचा दाढीचा आरसा कामी आला.

फोकस स्क्रीनवर चित्र मोठं करून मध्यावर केला, आणि f/1.8, 2.8, 5.6, 8 असे चार फोटो. f/1.8 ला डावीकडच्या कॉलममधले नंबर वाचता येत होते, जरा मऊ, पण येत होते. उजवीकडच्या कॉलममध्ये 8 आणि 3 यांत फरक कळेना. 2.8 ला सुधारणा. 5.6 लाही उजवी बाजू मागे. 8 ला जवळपास सारखं.

कडा मऊ असणं हा दोष नाही हे इथे सांगायला हवं. स्वस्तातली f/1.8 पूर्ण उघडी असताना कडेला मऊच असते, आणि मोठ्या उघडीप असलेल्या महागड्या लेन्साही थोड्याफार असतातच. पण ती मऊ असते चारी बाजूंना सारखी, कारण भिंगं गोल आहेत आणि एका अक्षावर बसवलेली आहेत. दोन्ही कडा वेगळ्या असतील तर एखादं भिंग अक्षावरून सरकलंय किंवा कललंय. बघायची ती मऊपणातली तफावत. मऊपणा किती, हा प्रश्न नंतरचा.

तरी विक्रेता म्हणू शकला असता की भिंत वाकडी आहे. म्हणून कॅमेरा गोधडीवर उलटा ठेवला, डोकं खाली. आरशात पुन्हा मध्य साधला. भिंत दोषी असती तर तोच कॉलम, त्याच जाहिराती धूसर राहिल्या असत्या. फक्त चित्राच्या दुसऱ्या कडेला गेल्या असत्या. आता उलट झालं. कालचा धूसर कॉलम वाचता येऊ लागला आणि कालचा स्पष्ट कॉलम बिघडला. चित्राची उजवी बाजू उजवीच राहिली. म्हणजे दोष कॅमेऱ्यासोबत फिरतोय.

कॅमेऱ्यासोबत म्हणजे लेन्सच असं मात्र नाही, सेन्सरही तिरका बसलेला असू शकतो. किट लेन्स 50 मिमीला लावून f/5.6 वर फोटो काढला, आणि तुलना नव्या लेन्सच्या f/5.6 शीच केली. हे महत्त्वाचं, कारण छिद्र लहान असलं की खोली वाढते आणि सेन्सरचा कल झाकला जातो. किट लेन्सचे दोन्ही कॉलम सारखे निघाले. तरी खात्रीसाठी बाजारातल्या स्टुडिओवाल्या काकांकडे गेलो, त्यांच्याकडे त्याच माउंटचा कॅमेरा होता. त्यांनी लेन्स लावली, समोरच्या दुकानाच्या शटरचा फोटो काढला, मोठा करून बघितला आणि म्हणाले, “उजवीकडे पडली आहे भो ही.” पंचवीस वर्षं लग्नं काढलेल्या माणसाला आरसा, पेपर काही लागलं नाही.

रात्री गच्चीवरून एक शेवटचा पुरावा घेतला. दूरवर जिनिंगच्या आवारात एक उघडा दिवा होता. तो चित्राच्या डाव्या कडेला ठेवला की एक छोटी पंखासारखी शेपटी दिसे. उजव्या कडेला ठेवला की शेपटी जवळपास दुप्पट आणि तिरपी. बिंदूसारखा दिवा हा लेन्सचा सगळ्यात प्रामाणिक साक्षीदार. हबल दुर्बीण 1990 मध्ये वर गेल्यावर तिच्या आरशाच्या कडेची चूक अशीच ताऱ्यांच्या चित्रांवरून वाचली गेली. आरसा कडेला साधारण 2.2 मायक्रॉनने जास्त सपाट घासला गेला होता, आणि 1993 च्या डिसेंबरात अंतराळवीरांनी जाऊन दुरुस्तीचे आरसे बसवले. तिथे तारा, इथे जिनिंगचा बल्ब.

डाव्या-उजव्या कॉलमचे दोन तुकडे, उलट्या कॅमेऱ्याचा फोटो आणि दिव्याचे दोन, असे पाच फोटो सातव्या दिवशी पाठवले. दोन दिवसांत उत्तर आलं: दोष मान्य, पैसे परत मिळतील, बदली लेन्स शिल्लक नाही. सेल संपला होता. नवीन घ्यायची तर 7,990, आणि वरचे अडीच हजार माझ्याकडे नव्हते.

बाबा म्हणाले, खराब वस्तू कशाला ठेवतोस. व्यवहार म्हणून बरोबरच होतं. पण तोवर मला तिची चूक कुठे आहे, किती आहे आणि कोणत्या छिद्राला नाहीशी होते, हे सगळं माहीत झालं होतं. आजीचा चेहरा मध्याच्या डावीकडे ठेवला तर उजव्या कडेला उरतो तो अंधारातला ओटा, तो f/1.8 ला तसाही धूसरच. गटाचा फोटो असेल तर f/8, आणि तो दिवसा. मी लेन्स ठेवली. परत पाठवून सहा महिने थांबणं मला महाग पडलं असतं, कारण आजी तेव्हा ब्याऐंशीची होती.

उभे फोटो काढताना मात्र एक सवय बदलावी लागली. बहुतेक जण कॅमेरा उभा करताना पकड वर घेतात, त्यात चित्राची उजवी बाजू वर येते, म्हणजे नेमकी डोक्याच्या जागी. मी पकड खाली ठेवतो. मग धूसर बाजू लुगड्याच्या निऱ्यांवर जाते. काकांच्या दुकानात कुणी मला तसा कॅमेरा धरलेला पाहिला की हसायचं. आता पुण्यात नोकरी आहे, लेन्सही दुसरी आहे, पण पकड अजून खालीच जाते.

त्या दिवाळीचे आजीचे एकोणचाळीस फोटो आहेत. बत्तीस उभे.